सत्रनिहाय हप्ते बंद करून आम्हाला कर्जाच्या रांगेत उभे करू नका: शाळेच्या विश्वस्त मंडळाला खुले पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष, सर्व विश्वस्त आणि मुख्याध्यापिका बाई,

विषय: पुढील शैक्षणिक वर्षापासून फीचे तीन हप्ते बंद करण्याच्या निर्णयाबाबत

स. न. वि. वि.

माझी मुलगी आपल्या शाळेत सहावीत आहे. मी भोसरीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये हिशेब बघते. माझे पती फॅब्रिकेशनची कामे घेतात, म्हणजे आमच्या घरात एक पगार ठरल्या तारखेला येतो आणि दुसरे उत्पन्न बिल पास झाले की येते. शाळेच्या पालकांत अशी घरे मुबलक आहेत. कुणाचे दुकान आहे, कुणाचा टेम्पो, कुणी कंत्राटदाराकडे नोकरीला. पत्र उघड लिहिते आहे, कारण कार्यालयात तोंडी विचारले की "निर्णय वरून आलाय" एवढेच उत्तर मिळते, आणि हा प्रश्न माझ्या एकटीचा नाही.

आजवर वर्षाची १,२०,००० रुपये फी तीन हप्त्यांत भरता येत होती: जून, ऑक्टोबर आणि जानेवारी, प्रत्येकी ४०,०००. मुलांच्या दप्तरातून आलेल्या नव्या पत्रकात आता दोनच पर्याय उरले आहेत. तीस एप्रिलपर्यंत संपूर्ण फी एकरकमी भरली तर पाच टक्के सवलत, म्हणजे १,१४,०००. नाहीतर शाळेने ठरवलेल्या कर्ज कंपनीकडून "शून्य टक्के व्याजाने" दरमहा १०,००० चे बारा हप्ते. कंपनी एप्रिलमध्येच तुम्हाला पैसे देणार आणि आमचा पहिला हप्ता पाच मेला कापला जाणार. शाळा उघडते जूनच्या मध्यात.

गेल्या वर्षी ही योजना ऐच्छिक होती, तेव्हा कुणाची तक्रार नव्हती. ज्याला सोयीची वाटली त्याने घेतली. या वर्षी तीन हप्त्यांचा रकानाच फॉर्मवरून गायब झाला आहे.

आधी शून्य टक्क्यांबद्दल बोलू. पत्रकाच्या तळाशी, क्यूआर कोडच्या खाली, तारांकित बारीक अक्षरांत लिहिले आहे की प्रोसेसिंग फी दोन टक्के, अधिक जीएसटी. १,२०,००० वर दोन टक्के म्हणजे २,४००, त्यावर अठरा टक्के जीएसटीचे ४३२, एकूण २,८३२ रुपये. ही रक्कम सुरुवातीलाच जाते. व्याज शून्य दाखवायचे आणि तोच पैसा दुसऱ्या नावाने घ्यायचा, हा प्रकार रिझर्व्ह बँकेला नवा नाही. १७ सप्टेंबर २०१३ च्या परिपत्रकात तिने बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज असे काही मुळात नसतेच. अशा योजनांत व्याज बहुधा प्रोसेसिंग फीच्या रूपाने दडवून ग्राहकाच्या माथी मारले जाते.

आता हे कर्ज पडते कितीला? उत्तर तुलना कशाशी करता त्यावर ठरते, आणि माझा मुख्य मुद्दा तोच आहे.

फक्त प्रोसेसिंग फी धरली तर १,२०,००० च्या कर्जावर वार्षिक दर सुमारे साडेचार टक्के येतो. कंपनीचा माणूस पालकसभेत हाच आकडा सांगेल आणि तो खोटाही नसेल. पण शाळा एप्रिलमध्ये एकरकमी भरणाऱ्याकडून १,१४,००० घेऊन समाधानी आहे. म्हणजे एप्रिलमधली त्या वर्षाची खरी किंमत १,१४,००० आहे, आणि कर्ज घेणारा पालक हप्ते मात्र १,२०,००० चे फेडतो. वर २,८३२. दोन्ही धरून बारा हप्त्यांचे गणित मांडले की दर सुमारे सव्वाचौदा टक्क्यांवर जातो. कंपनी तुम्हाला प्रत्यक्षात किती पैसे देते, १,२०,००० की त्याहून कमी, हे पत्रकात कुठेही नाही. कमी देत असेल तर तो फरक म्हणजेच तिचे व्याज आणि ते शाळेच्या हातून कापले जाते आहे. आमच्या वर्कशॉपमध्ये याला बिल डिस्काउंटिंग म्हणतात. त्यात वावगे काही नाही, फक्त ते बिल आमच्या नावाचे आहे, तेव्हा आम्हाला दाखवायला हवे.

तिसरी तुलना पत्रकात कुणी करणारच नाही, कारण तो पर्यायच तुम्ही काढून टाकला आहे: जुने तीन हप्ते. कृपया कागदावर मांडून बघा. कर्जाच्या योजनेत मे महिन्यात माझे १०,००० गेले, जुन्या पद्धतीत मेमध्ये काहीच जात नव्हते. जूनअखेर कर्जात २०,०००, जुन्या पद्धतीत ४०,०००, म्हणजे वीस हजारांची सोय झाली. जुलैत ती दहा हजारांवर आली, ऑगस्टमध्ये दोन्हीकडे ४०,००० होऊन संपली आणि सप्टेंबरमध्ये उलट माझेच दहा हजार आगाऊ गेले. ऑक्टोबरच्या हप्त्यामुळे पुन्हा वीस हजारांची सोय, डिसेंबरपर्यंत तीही शून्य. जानेवारीत तीस हजार, ही वर्षातली सर्वांत मोठी, आणि एप्रिलपर्यंत ती उतरत जाते.

ही सगळी बेरीज-वजाबाकी केली की हाती काय लागते? जुन्या तीन हप्त्यांच्या तुलनेत कंपनीने मला वर्षभरात जे दिले ते एक लाख रुपये एक महिना वापरायला दिल्याइतके आहे. त्यापोटी २,८३२ रुपये. महिन्याला २.८३ टक्के, वर्षाच्या हिशेबाने ३४ टक्के. भोसरीत या दराने पैसे देणारे आहेत, पण शाळेच्या पत्रकावर त्यांचे नाव छापलेले मी अजून पाहिले नाही.

पाच टक्के सवलतीचीही एक बाजू आहे, ती मांडते. ज्याच्याकडे एप्रिलमध्ये सव्वा लाख मोकळे आहेत तो १,१४,००० भरणार. ज्याच्याकडे नाहीत तो १,२२,८३२. एकाच वर्गात, एकाच बाकावर बसणाऱ्या दोन मुलींच्या फीत ८,८३२ रुपयांचा फरक. आजवर असा फरक नव्हता असे नाही, सवलत तेव्हाही होती. पण मधला मार्ग होता: सवलत नको आणि कर्जही नको, दर सत्राला फी भरतो. बहुतेक पालक त्याच मार्गाने जात होते.

उशिराचे बोलायला हवे, कारण आमच्यासारख्या घरांत उशीर होतोच. गेल्या ऑक्टोबरमध्ये कर्जयोजना घेतलेल्या एका पालकांचा पगार रखडला. त्यांनी मला बँकेचे स्टेटमेंट दाखवले. पाच तारखेला मँडेट, म्हणजे खात्यातून हप्ता आपोआप कापण्याचा आदेश, आले, खात्यात पैसे नव्हते, परत गेले. कंपनीचे बाउन्स चार्जेस ५०० आणि बँकेचे २९५. दहा तारखेला कंपनीने न विचारता तेच मँडेट पुन्हा टाकले. पुन्हा ५०० आणि २९५. सतरा तारखेला पगार झाला आणि त्यांनी लिंकवरून पैसे भरले, त्यात बारा दिवसांचे दंड-शुल्क ८० रुपये. दहा हजारांचा हप्ता बारा दिवस उशिरा गेला म्हणून १,६७० रुपये.

हेच गृहस्थ तीन हप्त्यांच्या पद्धतीत असते तर? शाळेची मुदत दहा तारखेची आणि उशिराचा आकार दिवसाला वीस रुपये. सतरा तारखेला भरले असते तर १४० रुपये. एकदम चाळीस हजार उभे करणे दहा हजारांपेक्षा अवघड, हे मला मान्य आहे. पण तेव्हा कार्यालयात जाऊन "अर्धे आत्ता घ्या, अर्धे दिवाळीनंतर" असे म्हणता येत होते आणि फीच्या खिडकीतल्या बाई वहीत पेन्सिलीने तारीख टिपून ठेवत होत्या. मँडेटला असे काही सांगता येत नाही. ते रात्रीत येते आणि सकाळी मेसेज दिसतो.

शिवाय शाळेची उशिरा भरलेली फी शाळेच्या वहीत राहते, कर्जाचा चुकलेला हप्ता मात्र पालकाच्या क्रेडिट रेकॉर्डवर जातो. जानेवारी २०२५ पासून कर्ज देणाऱ्या संस्थांना ही माहिती किमान दर पंधरवड्याला कळवावी लागते, म्हणजे महिनाअखेरपर्यंत सावरून घेऊ म्हणायला पूर्वीइतकी जागा उरलेली नाही. ज्या माणसाला पुढच्या वर्षी घराचे किंवा टेम्पोचे कर्ज काढायचे आहे, त्याच्या नावावर मुलीच्या सहावीच्या फीची थकबाकी दिसणार. मँडेट परत जाणे हे चेक न वटण्यासारखेच धरले जाते, २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्यातले कलम २५ त्यासाठीच आहे आणि त्यात कैदेपर्यंत शिक्षेची तरतूद आहे. फीच्या बाबतीत कुणी एवढ्या टोकाला जाईल असे मी म्हणत नाही. पण पालकसभेत त्या कंपनीच्या प्रतिनिधीने स्लाइड्स दाखवल्या, त्यात यातले एक अक्षर नव्हते.

अजून एक अडचण आहे, ती लक्षात आली तेव्हा मी जास्त घाबरले. मूल मध्येच शाळा सोडते तेव्हा काय होते? आमच्या भागात कंपन्या चाकणहून दुसरीकडे हलतात, बदल्या होतात, माणसे गावी परत जातात. समजा एखादे कुटुंब नोव्हेंबरअखेर शाळा सोडून गेले. जुन्या पद्धतीत त्यांनी दोन हप्त्यांचे ८०,००० भरलेले असतात, विषय संपतो. नव्या पद्धतीत शाळेकडे संपूर्ण वर्षाची फी एप्रिलमध्येच जमा झालेली आहे. पालकांनी सात हप्ते, म्हणजे ७०,००० भरले आहेत आणि कंपनीचे ५०,००० बाकी आहेत. पत्रकात ठळक लिहिले आहे: "एकदा भरलेली फी कोणत्याही कारणास्तव परत मिळणार नाही." म्हणजे ज्या सत्रात मुलगी त्या वर्गात बसणारच नाही, त्याचे ४०,००० त्यांनी एप्रिलपर्यंत फेडत राहायचे. कंपनीला विचारले तर ती म्हणणार, करार तुमचा-आमचा आहे, शाळेशी तुमचे काय ते तुम्ही बघा. कायद्याने तिचे म्हणणे बरोबरच असेल. तिघांच्या या व्यवहारात जबाबदारी मात्र एकट्या पालकाची.

फीवाढीच्या वादालाही हेच लागू पडते. महाराष्ट्राच्या २०११ च्या शुल्क विनियमन कायद्यानुसार फीचा प्रस्ताव पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे ठेवावा लागतो. उद्या त्यावर वाद झाला आणि प्रकरण वर्षाच्या मध्यात मिटले, तर सत्रनिहाय भरणारा पुढच्या हप्त्यात फरक वळता करून घेऊ शकतो. कर्ज घेतलेल्याचे पैसे केव्हाच तुमच्या खात्यात जमा झालेले असतात.

तुमची बाजू मला दिसत नाही असे नाही. शिक्षकांचे पगार दरमहा द्यावे लागतात आणि काही पालक ऑक्टोबरचा हप्ता फेब्रुवारीपर्यंत ओढतात. गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर शिक्षकांचा पगार लांबला होता, हे सगळ्यांना माहीत आहे. थकबाकी वसूल करणे हे त्रासाचे काम आहे आणि ते कुणाच्या तरी अंगावर टाकावेसे वाटणे स्वाभाविक आहे. पण तुमचा खर्च दरमहा होतो आणि त्यासाठी तुम्ही बारा महिन्यांचे पैसे एप्रिलमध्येच मागता आहात. शाळेला खेळते भांडवल हवे असेल तर शाळेने बँकेकडून ओव्हरड्राफ्ट घ्यावा, तो संस्थेच्या नावावर आणि संस्थेच्या मालमत्तेवर मिळतो. आज तेच भांडवल शेकडो पालकांच्या पॅनकार्डांवर उभे केले जाते आहे.

उशिराने तुमचे नुकसान होऊ नये हेही योग्यच. ४०,००० वर वर्षाला बारा टक्क्यांनी दिवसाचे व्याज सुमारे तेरा रुपये होते. तुम्ही वीस घेता, म्हणजे वर्षाला अठरा टक्क्यांच्या थोडे वर. एवढ्यात उशिराची भरपाई होऊन वर काही उरते. मग तिसऱ्या माणसाची गरज कुठे पडली?

आमच्या मागण्या अशा आहेत.

तीन हप्त्यांचा पर्याय फॉर्मवर परत आणावा, कोणतेही जादा शुल्क न लावता. त्याआधी कार्यकारी समितीची बैठक घ्यावी. फीची रक्कम समितीपुढे जाते तशी ती भरण्याची पद्धतही गेली पाहिजे, आणि या बदलाबाबत तशी चर्चा झाली असेल तर तिचे इतिवृत्त सूचना फलकावर लावावे. यात आम्ही जगावेगळे काही मागत नाही. कोरोनाच्या काळात, ८ मे २०२० च्या शासन निर्णयात, फी मासिक किंवा त्रैमासिक भरण्याचा पर्याय पालकांना द्यावा असे राज्यानेच शाळांना सांगितले होते. ३ मे २०२१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानच्या शाळांच्या बाबतीत थकीत फी सहा मासिक हप्त्यांत घ्यायला सांगितले. ते हप्ते थेट शाळेकडे भरायचे होते.

कर्जाची योजना बंद करा असे मी म्हणत नाही. ज्यांचा पगार ठरलेल्या तारखेला येतो आणि ज्यांच्या हातात चाळीस हजार एकदम साठत नाहीत, त्यांना ती उपयोगी पडेल. फक्त ती खरोखर ऐच्छिक ठेवा आणि शाळेने कंपनीशी केलेल्या करारातल्या तीन गोष्टी जाहीर करा: कंपनी शाळेला प्रत्येक विद्यार्थ्यामागे नेमके किती पैसे देते, शाळेला किंवा कुणा व्यक्तीला कमिशन मिळते का, आणि मूल मध्येच गेले तर शाळा उरलेले पैसे कंपनीला परत करणार का. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर "नाही" असेल तर "कोणत्याही कारणास्तव परत मिळणार नाही" हे वाक्य बदलावे लागेल. न शिकलेल्या सत्राची फी परत करून ती थेट कर्जखात्यात जमा करावी.

पालकांच्या सह्या घेण्याआधी कंपनीने प्रत्येकाला की फॅक्ट स्टेटमेंट मराठीत द्यावे. ही मेहेरबानी नाही. १ ऑक्टोबर २०२४ पासून अशा प्रत्येक किरकोळ कर्जाला ते बंधनकारक आहे आणि ते कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असावे असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. त्यात सगळे खर्च धरून वार्षिक दर, बाउन्स चार्जेस आणि दंड-शुल्क लिहिलेले असते. त्यात न लिहिलेला आकार कंपनीला पालकाच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. शाळेच्या हॉलमध्ये टेबल मांडून, मोबाइलवर सेल्फी आणि ओटीपी घेऊन चार मिनिटांत जे काम उरकले जाते, त्यात हा कागद कुणाच्या हाती पडलेला मी पाहिला नाही. इंग्रजी कराराची पीडीएफ नंतर ईमेलवर आली. पालकांनीही हा कागद हातात आल्याशिवाय ओटीपी सांगू नये, एवढे या पत्राच्या निमित्ताने म्हणते.

आणि शेवटची मागणी मुलांसंबंधी आहे. गेल्या वर्षी कंपनीकडून पैसे यायला उशीर झाला तेव्हा काही मुलांची नावे थकबाकीच्या यादीत वर्गात वाचली गेली. त्यांच्या पालकांची कागदपत्रे कंपनीकडे पडून होती, चूक त्यांची नव्हती. पण चूक पालकांची असती तरी यादी वर्गात वाचायची नसते. फीबद्दलचा प्रत्येक निरोप पालकांच्या फोनवर किंवा बंद पाकिटात द्यावा, अशी लेखी सूचना मुख्याध्यापिका बाईंनी काढावी.

सवलतीची मुदत तीस एप्रिलला संपते आणि कर्जाचे अर्ज त्याआधीच भरून घेतले जातील, म्हणून उत्तर मार्चअखेर लेखी मिळावे ही विनंती. तोपर्यंत सत्रनिहाय फी भरू इच्छिणाऱ्या पालकांचे प्रवेश आणि पुस्तकसंच अडवू नयेत. कार्यकारी समितीच्या बैठकीला बोलावलेत तर वरचा सगळा हिशेब महिनावार तक्त्यात मांडून घेऊन येते. तुमच्या लेखापालांनी तो तपासावा आणि कुठे चुकत असेन तर सभेतच दाखवून द्यावे.

प्रत माहितीसाठी: शिक्षणाधिकारी (प्राथमिक), जिल्हा परिषद, पालक-शिक्षक संघाचे सर्व सदस्य.

आपली,
इयत्ता सहावीतल्या एका विद्यार्थिनीची आई